कलेक्टिव्ह ओढण्याआधी वारा बघ

अरे, सिम्युलेटरवर सिंहगडावर उतरताना आर-४४ हेलिकॉप्टर दगडासारखं खाली जातं, ते इंजिन कमी पडतं म्हणून नाही. तू पानशेतकडून येतोस आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. जमिनीवरून पाहिलं तर वेग १५ नॉट, वाराही १५ नॉट; हवेतला वेग शून्य! त्यात मिनिटाला ५०० फूट उतरतोयस. म्हणजे रोटर स्वतःच खाली ढकललेल्या हवेत बसतो. पात्यांच्या टोकांशी तीच हवा वर वळून पुन्हा आत ओढली जाते. यालाच व्होर्टेक्स रिंग म्हणतात.

नवशिक्यांची चूक ठरलेली: घाबरून कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढवणारा दांडा, ओढायचं. त्याने भोवरा आणखी जोर धरतो. थरथर सुरू झाली, रोटर हव्या त्या दिशेला कलवणारा सायक्लिक दांडा ढिला वाटला आणि पॉवर देऊनही उतरण्याचा काटा वाढतच गेला, की समज.

सुटका अशी:
- सायक्लिक पुढे दे, वेग घे.
- कलेक्टिव्ह थोडं खाली कर.
- वेग आला की मगच पॉवर.

यात उंची बरीच जाते, म्हणून गडाच्या माथ्याजवळ हा प्रकार अंगाशी येतो. बाजूला कलून निसटायची व्हुइशार्ड या स्विस वैमानिकाची पद्धत कमी उंची खाते, पण ती नंतर. आधी ही हातात बसू दे.

तोवर एकच बंधन पाळ: हवेतला वेग ३० नॉटच्या खाली गेला की मिनिटाला ३०० फुटांपेक्षा जास्त उतरायचं नाही. आणि उद्या पूर्वेच्या बाजूने, वारा तोंडावर घेऊन ये.