गणपतीत सरांचे आभार मानताना: आमच्याकडून गेलेलं एक वाक्य

प्रश्न : "आम्ही हर्णैला असतो. मुलगी चौदा वर्षांची, कबड्डीत किशोरी गटात खेळते. यंदा जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली. सर एक पैसा न घेता शिकवतात. गणपतीत ते दर्शनाला येतील तेव्हा त्यांचे मनापासून आभार मानायचे आहेत. शाल-श्रीफळ आणि पाकीट द्यावं का? सोबत पत्र द्यायचं आहे, त्यात काय लिहू? निवडीचा उल्लेख ठळक करावा असं ह्यांचं म्हणणं आहे."

उत्तर : ताई, तुमचा शेवटच्या ओळीतला प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. निवडीचा उल्लेख ठळक करू नका. शक्य असेल तर करूच नका. आम्ही तो केला होता आणि त्याची किंमत सरांनी मोजली.

आमचीही मुलगी किशोरी गटातच होती, डावा कोपरा खेळायची. त्या वर्षी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सर दर्शनाला आले. मुंबईहून सगळे आलेले, घर भरलेलं. आम्ही शाल, नारळ आणि पाकीट दिलं आणि माझ्या दिरांनी सगळ्यांसमोर पत्र वाचून दाखवलं. पत्र मीच लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं, "सर, तुमच्यामुळेच आमच्या मुलीची जिल्ह्याच्या संघात वर्णी लागली." लिहिताना माझ्या मनात फक्त कृतज्ञता होती. पण "वर्णी लागली" हे आपण कधी म्हणतो ते आठवून बघा. कुणीतरी शब्द टाकला, कुणाचा तरी हात होता, तेव्हा म्हणतो. आणि आमचे सर त्या वर्षी तिघांच्या निवड समितीत होते.

रात्री पत्राचा आणि पाकीट देतानाचा असे दोन्ही फोटो पालकांच्या ग्रुपवर गेले. आमच्याच घरातून गेले, आनंदाने गेले. गौरी जायच्या आत ते एका अशा पालकांपर्यंत पोहोचले ज्यांची मुलगी निवडीत थोडक्यात राहिली होती. त्यांनी तक्रार केली. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच दिसलं असतं: निवड समितीतले सर, पाकीट आणि वर्णी.

खरा त्रास पुढे झाला. तक्रार ज्या कार्यालयात गेली तिथे आम्ही स्वतःहून गेलो. सणाची सुट्टी संपल्यावर या म्हणाले. मग साहेब नाहीत. मग स्टॅम्प पेपरवर लिहून द्या की पैसे निवडीसाठी नव्हते. दिलं. पुढच्या खेपेला तोच कागद हातात धरून विचारलं, "म्हणजे पैसे दिले होते हे तुम्हाला मान्य आहे?" मैदानावर आमच्या मुलीचा खेळ बघितलेल्या कुणालाही विचारा, असं आम्ही चारदा सांगितलं. कुणी विचारलं नाही. निकाल लेखी कधीच मिळाला नाही. पुढच्या वर्षी समितीत सरांचं नाव नव्हतं, एवढंच कळलं. सरांनी आम्हाला एका शब्दाने दुखावलं नाही, पण दोन वर्षं आमच्या गणपतीला आले नाहीत. मुलीला संघातल्या मुली काय बोलल्या ते मी लिहीत नाही.

आता तुमच्या पत्राबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की आभार सरांनी जे केलं त्याचे मानावेत. निवड ही समितीने केलेली असते आणि खेळ तुमच्या मुलीने केलेला असतो. सरांचं काम त्याच्या कितीतरी आधी, कुणी बघत नसताना झालेलं असतं. ते शोधायचं तर मुलीला एकच विचारा: सर तुला सगळ्यात जास्त वेळा काय सांगतात? आम्हाला हे उशिरा सुचलं. विचारल्यावर ती पटकन म्हणाली, "वजन कुठल्या पायावर आहे ते बघ."

मग तिने सगळं सांगितलं. तिला घोटा पकडायची भीती वाटायची. एकदा गुडघा तोंडावर बसला होता, तेव्हापासून हात उशिरा जायचे. पावसात मैदानाचा चिखल झाला की सर मुलींना शाळेच्या पडवीत न्यायचे. तिथे तीन आठवडे त्यांनी हिला पकड करूच दिली नाही. दुसरी मुलगी हळूहळू चढाई करत यायची आणि हिने नुसतं ओरडून सांगायचं, "डावा," "उजवा," म्हणजे वजन कुठल्या पायावर आहे ते. ज्या पायावर वजन नाही आणि जो पुढे आलाय, तो घोटा धरायचा. ते न चुकता सांगता यायला लागल्यावर पकड सुरू झाली: डोकं गुडघ्यासमोर न्यायचं नाही, बाजूला ठेवायचं, दोन्ही हातांनी घोटा धरून वर उचलत स्वतःकडे ओढायचा. भीती गेली ती अशी.

दुसरी गोष्ट वजनाची. किशोरी गटाला 55 किलोची मर्यादा असते. हिचं वजन काठावर आलं तेव्हा तिने रात्रीचं जेवण सोडलं होतं, आणि ते आम्हाला घरात कळलं नव्हतं. सरांना तिच्या पायांवरून कळलं. ते घरी आले, ओटीवर बसले आणि म्हणाले, "वजन जास्त भरलं तर यंदा खेळणार नाही, पण पोर उपाशी नको." निवडीपेक्षा या वाक्याचे आभार कितीतरी मोठे होते, आणि पहिल्या पत्रात ते नव्हतेच.

तिसऱ्या वर्षी आम्ही नवीन पत्र दिलं. त्यातला भाग देते, हवा तर घ्या, पण तुमच्या सरांचं जे खरं आहे तेच घाला:

"सर, पडवीतले ते तीन आठवडे तिने आम्हाला परवा सांगितले. पकड न करता नुसतं बघायला शिकवणं किती संयमाचं काम आहे, ते आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं. ती जेवत नाही हे आई-वडलांच्या आधी तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही पावसातून चालत घरी आलात. ती संघात असो वा नसो, हे आम्ही विसरणार नाही."

खाली मुलीने तिच्या अक्षरात एक ओळ लिहिली. पत्र बंद करून तिनेच मैदानावर नेऊन दिलं. वाचून दाखवलं नाही, फोटो काढला नाही.

पाकीट मात्र नकोच. मी कायद्याची जाणकार नाही, पण सर जिल्हा परिषद शाळेत नोकरीला असतील तर त्यांना 1967 चे वर्तणूक नियम लागू असतात आणि भेटी घेण्यावर त्यात बंधनं आहेत. सर नोकरीत नसले तरी निवडीच्या हंगामात पैसे वाईट दिसतात, आणि शाळांच्या तालुका-जिल्हा स्पर्धा नेमक्या गणपतीच्या मागेपुढेच असतात. काही द्यायचंच असेल तर सगळ्या पालकांनी मिळून कबड्डीच्या मंडळाला द्या, पावती घेऊन. गुडघ्याचे पॅड, क्रेप बँडेज किंवा चांगला वजनकाटा. आमच्याकडे प्रत्येक घरचा काटा वेगळं वजन दाखवायचा आणि मुली उगाच घाबरायच्या. शालही माझ्या मते घरात नको, त्याने सत्कार होतो आणि सत्कार म्हटलं की फोटो आलाच. दरवर्षी बोलावता तसं बोलवा, पानावर मोदक वाढा, वर तूप सोडा.

पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा की सरांचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. हे नक्की सांगा, आपल्याकडे चाकरमानी आले की घरातली प्रत्येक गोष्ट संध्याकाळपर्यंत मुंबईत पोहोचते.

आमचे सर त्या वर्षी आले. पत्राबद्दल बोलले नाहीत. आरती झाल्यावर मुलीला म्हणाले, "पडवी आठवते ना? आता धाकट्या मुलींना तूच शिकव, शनिवारी ये."

मसुदा तयार झाला की इथे टाका, नावं गाळून. मी वाचेन.