रात्रीची झोपेची गोळी आणि सकाळचा गोंधळ: वय की औषध?

प्रश्न: आई ७६ वर्षांची आहे, नेरुळला असते. झोप लागत नाही म्हणून बहिणीने अमेरिकेहून पाठवलेल्या रात्रीच्या गोळ्या साडेअकराला दोन घेते. तिकडे चिठ्ठीशिवाय मिळतात म्हणजे साध्याच असतील ना? पण हल्ली दुपारपर्यंत गुंगीत असते, वार चुकते, परवा मला बहिणीच्या नावाने हाक मारली. वयामुळे होतंय का?

उत्तर:

वयावर ढकलायच्या आधी बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. ठाण्यात नौपाड्याला माझं मेडिकल आहे आणि या अमेरिकेहून आलेल्या बाटल्या इतक्या लोकांनी काउंटरवर आणून दाखवल्यात की आता मी आधी तेच विचारतो. त्यात बहुतेक वेळा डायफेनहायड्रामिन असतं, एका गोळीत २५ मिलिग्राम, कधी सोबत पॅरासिटामॉल. म्हणजे दोन गोळ्या म्हणजे ५० मिलिग्राम. हे मुळात झोपेचं औषध नाहीच, सर्दी-ॲलर्जीचं जुनं औषध आहे, त्याने झोप येते हा साइड इफेक्ट, तोच पुढे विकायला काढला.

आता हिशोब करून बघू. गोळी घेतली की साधारण दोन तासांत रक्तातलं प्रमाण सगळ्यात वर जातं, म्हणजे तुमच्या आईच्या बाबतीत रात्री दीडला. तिथून ते निम्म्यावर यायला तरुण माणसाला ९ तासांच्या आसपास लागतात, आणि सत्तरीच्या आसपासच्या लोकांना साडेतेरा, कारण लिव्हर हे औषध सावकाश फोडतं. म्हणजे सकाळी सातला आई उठते तेव्हा दीडला जेवढं होतं त्याच्या जवळपास पाऊण भाग अजून अंगात आहे आणि निम्म्यावर यायला दुपारचे तीन वाजतात. तुम्ही म्हणताय ना दुपारपर्यंत गुंगी, ती ही. रात्री साडेअकराला पुढची गोळी घेताना आदल्या रात्रीचा साधारण तिसरा हिस्सा शिल्लक असतोच, त्यावर नवीन ५० पडतं. असं रोज चाललं की काही दिवसांत पातळी पहिल्या रात्रीपेक्षा दीडपटीच्या थोडी खाली जाऊन स्थिर होते. डोस वाढवलेला नसतो, तरी आपोआप वाढलेला असतो. (हे सरासरी आकडे आहेत, माणसागणिक फरक पडतो.)

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तरुण माणसाच्या अंगातही सकाळी सातला बऱ्यापैकी औषध उरलेलंच असतं. तो जांभया देत का होईना ट्रेन पकडून ऑफिसला जातो, मुलीला दुसऱ्या नावाने हाक मारत नाही. मग नुसतं औषध उरलं एवढ्यावर भागत नाही, दुसरं काहीतरी आहे.

ते असं की हे औषध मेंदूत दोन वेगवेगळ्या ठिकाणी हात घालतं. हिस्टामिन म्हटलं की आपल्याला खाज आणि शिंका आठवतात, पण मेंदूत हिस्टामिनचं काम जागं ठेवायचं आहे, ते अडवलं की झोप येते. नवीन ॲलर्जीच्या गोळ्या, म्हणजे फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन वगैरे, मेंदूत फारशा शिरत नाहीत, शिरल्या तरी बऱ्याचशा बाहेर ढकलल्या जातात, ही जुनी मात्र सहज आत जाते. आणि आत गेल्यावर ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन जिथे काम करतं ते रिसेप्टरही ही अडवते. लक्ष लागणं, नवीन गोष्ट लक्षात राहणं, आज काय वार आहे, समोर कोण आहे, या सगळ्याला ॲसिटिलकोलीन लागतं. म्हणजे गुंगी हिस्टामिनमुळे आणि गोंधळ मुख्यतः ॲसिटिलकोलीनमुळे. वय झालं की मेंदूतला ॲसिटिलकोलीनचा साठा तसाही कमी झालेला असतो, टाकीत महिनाभराचं पाणी असेल तर एक दिवस पाणी नाही आलं तर कळतही नाही, पण तळाशी दोन बादल्या असतील तर लगेच कळतं, तसंच.

यातली खरी गोची पुढे आहे. झोप आणणाऱ्या परिणामाची शरीराला फार लवकर सवय होते, निरोगी तरुणांना ५० मिलिग्राम दिवसातून दोनदा देऊन पाहिलं तेव्हा चौथ्या दिवशी त्यांची झोपाळूपणाची पातळी बिनऔषधाच्या गोळीएवढीच भरली होती. ॲसिटिलकोलीनच्या बाजूचा त्रास मात्र तसा निघून जाईल असं धरून चालता येत नाही. म्हणजे आठवड्याभराने झोप फारशी मिळत नाही आणि गोंधळ तेवढा उरतो. मग माणूस दिवसा पेंगतो, दुपारी दोन तास झोपतो, रात्री अर्थातच झोप येत नाही, मग "आज तीन घेऊ का ग?"

वयाचा विसराळूपणा आणि हे, यातला फरक घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखता येतो. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. औषधाचा गोंधळ दिवसांत सुरू होतो आणि एकाच दिवसात वरखाली होतो, सकाळी अकराला हरवल्यासारखी आणि संध्याकाळी सातला सिरियलची सगळी स्टोरी नीट सांगते असं. आईला शनिवारपासून उलटे वार म्हणायला सांगा, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सकाळी मध्येच अडकली, काय विचारलं होतं तेच विसरली आणि संध्याकाळी सरळ म्हणाली तर गोळीचा संशय पक्का होतो. सोबत तोंड कोरडं पडणं, घास गिळताना पाणी लागणं, बद्धकोष्ठ, लघवीला बसून वेळ लागणं हे विचारा, तेही ॲसिटिलकोलीन अडवल्यामुळेच होतं. लघवी तुंबली तर तेवढ्यानेही म्हातारं माणूस भरकटतं, पुरुषांत प्रोस्टेट असेल तर जास्तच.

अमेरिकेत म्हाताऱ्यांनी टाळायच्या औषधांची बिअर्स म्हणून एक यादी आहे, तिथल्या वृद्धरोगतज्ज्ञांची संस्था ती काढते, त्यात ही जुनी औषधं टाळा म्हणूनच लिहिलंय. त्याच देशात ती दुकानात उघड्यावर मिळतात, काय बोलणार. चिठ्ठी लागत नाही याचा अर्थ ७६ वर्षांच्या माणसाला चालतं असा नाही.

तर करायचं काय. आई अजून काय काय घेते ते सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. मला विशेष बघायचंय ते लघवी वारंवार होते म्हणून दिलेली गोळी, नसांच्या दुखण्याला रात्री दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन आणि सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, कारण या सगळ्यांचा ॲसिटिलकोलीनवरचा मारा एकात एक मिळतो. बीपी किंवा हार्टसाठी मेटोप्रोलॉल चालू असेल तर तेही सांगा, डायफेनहायड्रामिन त्याचं लिव्हरमधलं विघटन अडवतं, मग नाडी मंदावते, उठताना चक्कर येते. ती गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

डायफेनहायड्रामिन थांबवल्यावर दोन-तीन रात्री झोप अजूनच उडेल, तेव्हा घाबरून परत बाटलीकडे जाऊ नका. त्याच हिशोबाने औषध अंगातून जवळपास जायला तीनेक दिवस लागतात, डोकं पूर्ण ताळ्यावर यायला थोडे जास्तही लागू शकतात. आठवड्यात फरक दिसला नाही तर सोडियम, शुगर आणि लघवीची तपासणी करून घ्या. मधल्या काळात पडली असेल आणि डोक्याला लागलं असेल, ताप असेल, तोंड वाकडं किंवा एक हात ढिला वाटला, किंवा उठवूनही नीट उठत नसेल तर आठवडा वगैरे थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि बहिणीला आजच फोन करून सांगा की पुढच्या पार्सलमध्ये बाटली नको, कारण त्याच शेल्फवर डॉक्सिलामिनवाली दुसरी मिळते, नाव वेगळं असलं तरी कुळी तीच.