रिक्रूटरला नुसतं ‘गोपनीय ठेवा’ लिहिलं होतं, त्याची गोष्ट

प्रश्न: मी सध्या नोकरीत आहे आणि दुसरीकडे अर्ज करतोय. अर्ज गोपनीय ठेवा असं रिक्रूटरला सांगितलं तर त्यांना खटकेल का? मेलमध्ये नेमकं काय लिहू?

खटकत नाही. रिक्रूटर ज्यांच्याशी दिवसभर बोलतात त्यातले कितीतरी जण कुठे ना कुठे नोकरीत असतातच, आणि हे वाक्य त्यांच्या कानावरून सतत जात असतं. खरी अडचण तिथेच आहे. रोज ऐकून ऐकून त्यांच्या मनात या शब्दाचा एक ठरलेला अर्थ तयार झालेला असतो आणि तो तुमच्या मनातल्या अर्थापेक्षा फार छोटा असतो. मी याची किंमत सात महिने मोजली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी रंग बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात होते. माझ्याकडे पॅकिंगचं सामान होतं: डबे, ड्रम, झाकणं, लेबलं. या कामात पुरवठादार मोजकेच असतात आणि तेच लोक सगळ्या कंपन्यांना माल देतात. एका एजन्सीच्या रिक्रूटर मॅडमचा फोन आला, याच धंद्यातल्या मोठ्या कंपनीत जागा होती. मी सीव्ही मेल केला आणि मेलच्या शेवटी लिहिलं, ‘कृपया अर्ज गोपनीय ठेवावा.’ त्यांचं उत्तर आलं, ‘नक्की.’ मी निश्चिंत झाले.

दोन मुलाखती झाल्या, चांगल्या झाल्या. दुसरीनंतर अकराव्या दिवशी आमच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “ड्रमवाल्यांचा माणूस आला होता सकाळी. तुम्ही चाललात म्हणे?”

झालं होतं ते असं. तिकडे जे माझे साहेब होणार होते, ते त्याच ड्रमवाल्यांकडून माल घेत. त्यांनी त्या विक्री प्रतिनिधीला चहा पिता पिता विचारलं, “त्या बाई व्यवहाराला कशा आहेत?” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. माणूस घेण्याआधी ओळखीत चौकशी करायची सवय बहुतेकांना असते, आणि ती कुठल्याही फॉर्मवर येत नाही. पण विक्रीत मुरलेल्या माणसाला असा प्रश्न कशासाठी आला ते लगेच कळतं. पुढच्या आठवड्यात तो आमच्याकडे आला आणि सहज बोलून गेला.

मला कुणी काढलं नाही. फक्त वार्षिक दरकराराच्या बोलण्यांमधून माझं नाव गेलं, कारण ‘जाणाऱ्या माणसाला दर कशाला दाखवायचे’. नव्या पुरवठादाराच्या कारखान्याची तपासणी माझ्या हाताखालच्या मुलाकडे गेली. अप्रेझलमध्ये ‘बांधिलकी’ या रकान्यात पहिल्यांदा कमी गुण पडले. आणि तिकडची जागाच त्यांनी पुढे ढकलली, म्हणजे ऑफरही आली नाही. मी सात महिने त्या खुर्चीवर नुसती बसून होते.

मी रिक्रूटर मॅडमना फोन करून खूप बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, तुमच्या कंपनीत मी एका माणसालाही फोन केलेला नाही. क्लायंटला सीव्ही पाठवणं हे तर माझं कामच आहे ना?” शब्दाला धरून पाहिलं तर त्या बरोबर होत्या. त्यांच्या लेखी गोपनीय म्हणजे तुमच्या सध्याच्या कंपनीला थेट कळवायचं नाही. क्लायंटकडच्या साहेबांनी बाहेर कुणाला विचारू नये, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. माझी ओळ त्या साहेबांपर्यंत पोचलीही नव्हती. एजन्सी सीव्ही आपल्या नमुन्यात उतरवते, वर आपला लोगो लावते, तुमचा फोन नंबर काढून टाकते आणि तेवढंच पुढे पाठवते. तुम्ही सोबत लिहिलेला मेल तिच्या इनबॉक्समध्येच राहतो. हे मला माहीत असायला हवं होतं आणि त्यांनीही सांगायला हवं होतं. तो राग माझा अजून गेलेला नाही.

आमचा दादा स्वतः मनुष्यबळ विभागात आहे. त्याचं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे की असं लिहायचंच नाही. “चोराच्या मनात चांदणं. लिहिलंस की लोकांना वाटतं हिच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे.” तुमच्या प्रश्नातली धास्ती तीच आहे, म्हणून त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. नोकरीत असणं ही लपवण्यासारखी गोष्टच नाही, आणि समोरच्यालाही ती हवीच असते. खटकतं ते मोघम बोलणं. ‘जरा जपून हं, कुणाला सांगू नका’ असं कुजबुजलात तर शंका येते. कुणाला, काय आणि कधीपर्यंत सांगायचं नाही हे सरळ लिहिलंत तर ती कामाची सूचना होते, आणि चांगला रिक्रूटर ती तशीच नोंदवून ठेवतो.

पुढच्या वेळी मी पहिल्याच मेलमध्ये, सीव्ही जोडण्याआधी, हे लिहिलं:

‘मी सध्या नोकरीत आहे आणि माझ्या कंपनीला या शोधाची कल्पना नाही. माझा सीव्ही कुठल्याही कंपनीला पाठवण्याआधी तिचं नाव मला कळवावं आणि माझा लेखी होकार आल्यावरच पाठवावा. क्लायंटने माझ्या सध्याच्या सहकाऱ्यांकडे, ग्राहकांकडे किंवा पुरवठादारांकडे माझी चौकशी करू नये, अनौपचारिकसुद्धा नाही. ही विनंती त्यांच्यापर्यंत पोचवावी. संदर्भासाठी माझ्या आधीच्या नोकरीतले दोन वरिष्ठ बोलायला तयार आहेत. सध्याच्या कंपनीकडची पडताळणी मी राजीनामा दिल्यानंतर करता येईल.’

शिवाय सीव्हीच्या पहिल्या पानावर, नावाखालीच, एक ओळ टाकली: ‘सध्या नोकरीत, सध्याच्या कंपनीत किंवा तिच्या पुरवठादारांकडे चौकशी करू नये.’ नमुना बदलताना ही ओळ उडेल अशी भीती होती, म्हणून एजन्सीने तयार केलेली प्रत पाठवण्याआधी मागून घेतली. खरोखर उडाली होती. परत घालायला लावली.

यातली पुरवठादारांची ओळ माझ्या कामाची आहे. तुम्ही विक्रीत असाल तर तुमचा धोका ग्राहक आहेत, सॉफ्टवेअरमध्ये असाल तर क्लायंटच्या ऑफिसात शेजारी बसणारे लोक. तुमचं नाव ऐकून तुमच्या साहेबांना सहज फोन करू शकेल असा माणूस कोण, हे आधी शोधा आणि त्या प्रकारच्या लोकांचा उल्लेख करा.

नाव आधी कळवण्याची अट किती उपयोगी आहे ते मला पहिल्याच महिन्यात कळलं. रिक्रूटर सरांचा फोन आला, एका कंपनीचं नाव घेतलं, नाव अगदी अनोळखी. मी तिची वेबसाइट उघडली तर संचालकांमध्ये आमच्याच मालकांपैकी दोघे. आमच्या गटाची दुसरी कंपनी होती. मी नाही म्हटलं. सीव्ही गेला असता तर तो आमच्याच मनुष्यबळ विभागाच्या टेबलावर उघडला असता.

शेवटचा खड्डा ऑफरनंतर येतो आणि तिथे फार लोक पडतात. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचं काम बहुधा तिसरीच संस्था करते. तिचा ऑनलाइन फॉर्म येतो, त्यात सध्याच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचा ईमेल विचारतात आणि अनेकदा तो रकाना रिकामा ठेवता येत नाही. तिथे ईमेल भरून फॉर्म सबमिट केलात की पडताळणीचा मेल आपोआप जाऊ शकतो. रिक्रूटरने दिलेला शब्द त्या यंत्रणेला माहीत नसतो. ‘सध्याच्या कंपनीशी संपर्क करावा का’ असा प्रश्न असेल तर ‘नाही’ निवडा. माझ्या फॉर्ममध्ये तो प्रश्नच नव्हता. मी फॉर्म अर्धवट सोडून रिक्रूटरना फोन केला, आणि त्यांनी त्या संस्थेकडून सध्याच्या नोकरीची तपासणी माझ्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबवून घेतली. तोपर्यंत पगारपत्रकं आणि नेमणूकपत्रावर काम चाललं. हा बदल मेलवर लिहून घेतल्यावरच मी फॉर्म पुरा केला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पडताळणी राजीनाम्यानंतर ठेवली की ऑफर त्या पडताळणीवर अवलंबून राहते, म्हणजे हातची नोकरी सोडल्यावरही थोडी टांगती तलवार असते. म्हणून पद, तारखा, पगार यांत सीव्ही आणि कागदपत्रं तंतोतंत जुळली पाहिजेत. नेमणूकपत्रावर ‘सहायक’ असेल आणि सीव्हीत ‘व्यवस्थापक’ असेल तर ते आधीच सांगून टाका. आणि सही केलेलं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

हे सगळं करूनही शंभर टक्के खात्री मिळत नाही. तुमच्या विनंतीला रिक्रूटर हो म्हणतात तो शब्द असतो, करार नसतो. कंपनीचाच रिक्रूटर असेल तर मुलाखत घेणाऱ्यांना तुमचं नाव कळणारच, आणि ते कोण आहेत हे तुम्ही मुलाखतीआधी विचारू शकता. नाव झाकलेला सीव्ही पाठवावा असं काहीजण सुचवतात, पण क्षेत्र छोटं असेल तर कामाच्या वर्णनावरून माणूस ओळखू येतो. लिंक्डइनवर Open to Work फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवता येतं आणि तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्नही ती साइट करते, पण पूर्ण खात्री देत नाही. मी ते बंदच ठेवलं होतं. आणि यातलं काहीही ऑफिसच्या ईमेलवरून किंवा लॅपटॉपवरून करू नका.

एखादा रिक्रूटर म्हणाला की ‘क्लायंटचं नाव आत्ता सांगता येत नाही, आधी सीव्ही पाठवा’, तर तेही खरं असू शकतं. काही क्लायंटना आपलं नाव फुटायला नको असतं. अशा वेळी क्षेत्र आणि कंपनीचा आकार विचारा, तुमच्या कंपनीचं आणि तिच्या भगिनी कंपन्यांचं नाव देऊन ‘यांपैकी नाही ना’ एवढं लेखी विचारा. याचंही उत्तर आलं नाही तर सीव्ही पाठवू नका. दादा म्हणतो मी अशाने दोन चांगल्या जागा घालवल्या. घालवल्या असतील, पण मी आज जिथे काम करते ती जागा त्याच मेलवर मिळाली आहे, आणि मी राजीनामा दिला तेव्हा साहेबांना ती बातमी पहिल्यांदा माझ्याच तोंडून कळली.