हॅज वेंट, हॅव टूक, आय सीन: घाईच्या मेलमधली क्रियापदं

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीत डिस्पॅचला आहे. साहेबांनी माझ्या मेलमधल्या ‘हॅज वेंट’, ‘हॅव टूक’ आणि ‘आय सीन’वर लाल रेघा मारल्या. नियम पाठ आहे, तरी घाईत चुकतंच. का?

कारण मराठीत ‘गेला’ आणि ‘गेला आहे’ या दोन्हींत ‘गेला’ तोच राहतो. म्हणून घाईत ‘वेंट’ला नुसता ‘हॅज’ जोडला जातो. इंग्रजीही इथे फसवते. वर्क्ड, डिस्पॅच्ड, सेंट यांचं दुसरं आणि तिसरं रूप एकच, त्यामुळे दिवसभर ‘हॅव सेंट’ लिहिताना काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन रूपं वेगळी असतात तिथे: वेंट-गॉन, टूक-टेकन, सॉ-सीन, गेव्ह-गिव्हन. ‘केम’ तर जास्तच दगा देतं, कारण त्याचं तिसरं रूप पुन्हा ‘कम’ होतं. ‘हॅज केम’ सर्रास दिसतं ते त्यामुळेच.

‘आय सीन’ची चूक उलटी आहे. तिथे तिसरं रूप आहे, पण ‘हॅव’ गळलाय. बोलताना ‘आय हॅव’चं ‘आय’व्ह’ होतं आणि तो ‘व्ह’ कानाला जेमतेम लागतो. इंग्रजी मातृभाषा असलेले काहीजणही बोलीत ‘आय सीन’ म्हणतात. ते अडाणी नव्हेत, पण ऑफिसच्या मेलमध्ये ते चालत नाही.

आता दुरुस्ती. समजा मेल असा आहे: ‘मटेरियल हॅज वेंट यस्टरडे. ड्रायव्हर हॅव टूक द एलआर कॉपी. आय सीन द गेट पास.’ बरेच जण पहिल्या वाक्यात वेंट खोडून ‘हॅज गॉन यस्टरडे’ करतात. तेही चूकच, कारण ‘काल’ अशी नेमकी, होऊन गेलेली वेळ दिली की ‘हॅज’ बसत नाही. तिथे ‘वेंट’ बरोबरच होतं, उडवायचा होता तो ‘हॅज’: ‘मटेरियल वेंट यस्टरडे.’ दुसऱ्या वाक्यात वेळ नाही आणि कॉपी अजून ड्रायव्हरकडेच आहे, म्हणून ‘द ड्रायव्हर हॅज टेकन’. ड्रायव्हर एकटा, म्हणून ‘हॅव’ही गेला. तिसऱ्यात ‘आय हॅव सीन’. मात्र पुढे ‘अ‍ॅट टेन’ लिहिणार असाल तर ‘आय सॉ’.

म्हणजे आधी वेळ शोधायची, रूप मागाहून.

पाठवण्याआधी अख्खा मेल तपासत बसू नका. फक्त हॅज, हॅव, हॅड शोधा आणि पुढचं क्रियापद बघा. मध्ये ‘ऑलरेडी’ किंवा ‘नॉट’ घुसलं की नजर फसते. ‘हॅज ऑलरेडी वेंट’ असंच निसटतं. ‘शुड हॅव वेंट’लाही ‘गॉन’च लागतं. नुसत्या स्पेलिंग तपासणीवर विसंबू नका, ‘वेंट’चं स्पेलिंग बरोबरच असतं. ‘आय सीन’ मात्र या शोधात सापडणार नाही, कारण तिथे ‘हॅव’च नाही. त्यासाठी सीन, डन, गॉन वेगळे शोधावे लागतात.