चर्चा प्रकरणात अपेक्षेविरुद्ध आलेला निकाल कसा मांडावा?

प्रश्न: माझा प्रबंध आठवीच्या विज्ञानावर आहे. चार आठवड्यांत चार पाठ झाले. प्रायोगिक गटाने प्रत्येक पाठानंतर छोटी चाचणी सोडवली, नियंत्रित गटाने तेवढाच वेळ पाठ पुन्हा वाचला. दोन्ही गटांत ३४-३४ मुले. शेवटच्या पाठाच्या दुसऱ्या दिवशी पश्चात चाचणी घेतली. ४० पैकी सरासरी प्रायोगिक २६.१, नियंत्रित २६.८, प्रमाण विचलन दोन्हीकडे ५. फरक सार्थक नाही. आता चर्चेत काय लिहू?

उत्तर:

सर्वांत आधी 'दोन्ही पद्धती सारख्याच परिणामकारक आहेत' हे वाक्य लिहिले असेल तर काढा. तुमच्या आकड्यांवरून टी-मूल्य सुमारे ०.५८ येते, म्हणजे शून्य परिकल्पनेचा त्याग करता येत नाही, एवढेच. फरकाचा ९५ टक्के विश्वास अंतराल साधारण उणे ३.१ ते अधिक १.७ गुण आहे. म्हणजे प्रायोगिक गट तीन गुणांनी मागे असणे किंवा दीड गुणाने पुढे असणे, दोन्ही शक्यता शिल्लक राहतात. शिवाय ३४-३४ च्या नमुन्यात परिणाम आकार ०.७ च्या आसपास असेल तरच तो सापडण्याची शक्यता ८० टक्क्यांपर्यंत जाते. हे चर्चेच्या पहिल्याच परिच्छेदात सांगा, मर्यादांच्या यादीत दडवू नका.

मग पूर्वसंशोधनाकडे वळा. आपल्याकडच्या प्रबंधांत 'सदर निष्कर्ष अमुक यांच्या निष्कर्षाशी मिळताजुळता आहे' अशी दहा-बारा वाक्ये ओळीने येतात आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. दोनच अभ्यास घ्या, पण त्यांत कोण कोणाशी आणि किती दिवसांनी ताडून पाहिले, ते उलगडा. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी छोटा उतारा एकदा वाचला. त्यानंतर तोच पुन्हा वाचला, किंवा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्याने चित्र उलटले: ४२ विरुद्ध ५६. म्हणजे लगेच घेतलेल्या चाचणीत फायदा न दिसणे हे 'आठवण्याच्या सरावाने जास्त काळ लक्षात राहते' या सिद्धांताशी विसंगत नाही. दुसरा अभ्यास मॅकडॅनियल आणि सहकाऱ्यांचा, २०११ चा, अमेरिकेतल्या आठवीच्याच विज्ञान वर्गातला. तिथे छोट्या चाचण्यांचा फायदा घटक परीक्षेत दिसला. पण त्यात चाचणीत विचारलेला भाग न विचारलेल्या भागाशी ताडला होता आणि मुलांना बरोबर उत्तरे सांगितली जात होती. तुमच्या नियंत्रित गटाने मात्र तोच भाग पुन्हा वाचला. तुलनेची बाजूच अधिक सक्षम असल्यावर फरक आक्रसणारच.

'चाचणी फार लवकर झाली' हे स्पष्टीकरण आकर्षक आहे, पण नुसते लिहून सोडू नका. ते तपासायला लागणारी माहिती तुमच्याकडे आहे. पश्चात चाचणीच्या वेळी चौथा पाठ एका दिवसाचा होता, तर पहिला तीन-चार आठवड्यांपूर्वीचा. प्रश्न पाठवार वेगळे करा आणि प्रत्येक पाठाच्या प्रश्नांवर दोन्ही गटांची सरासरी काढा. स्पष्टीकरण खरे असेल तर पहिल्या पाठाच्या प्रश्नांवर प्रायोगिक गट पुढे दिसायला हवा आणि चौथ्याकडे येताना ती आघाडी घटायला हवी. तसे दिसले नाही तर ते स्पष्टीकरण कमजोर आहे असे स्वच्छ लिहा. दिसले तरी हे विश्लेषण निकाल पाहिल्यानंतर केलेले आहे, असा उल्लेख हवाच. एका पाठाचे प्रश्न दहाच्या आसपास असतील, तेवढ्यावर ठाम दावा उभा राहत नाही. आणखी एक अडचण आहे: पश्चात चाचणीची तारीख मुलांना आधी माहीत होती का? असेल, तर बहुतेकांनी आदल्या रात्री चारही पाठ वाचले असतील आणि जुना-नवा हा भेदच पुसला गेला असेल.

दुसरे स्पष्टीकरण छोट्या चाचण्यांच्या गुणांत शोधा. त्या वेळी मुलांना निम्म्याहून कमी उत्तरे येत होती आणि नंतर बरोबर उत्तरे सांगितली नव्हती, तर आठवण्याचा सराव झालाच नाही, चुकण्याचा झाला. बहुपर्यायी प्रश्नांत तर चुकीचा पर्यायच लक्षात राहण्याची भीती असते. इथे प्रश्नपत्रिकेतले एक-दोन खरे प्रश्न आणि मुलांनी निवडलेले चुकीचे पर्याय दाखवा. तोच चुकीचा पर्याय पश्चात चाचणीतही आला असेल, तर तुमच्या हाती नुसत्या तर्काऐवजी पुरावा आहे.

दोन्ही गटांना एकाच शिक्षकाने शिकवले का, मुले एकाच शाळेतली होती का, हे दोन-तीन वाक्यांत उरका. 'विद्यार्थ्यांची उदासीनता' किंवा 'घरचे वातावरण' ही कारणे तुम्ही मोजलेली नसतील तर लिहू नका. दोन्ही गटांना सारखीच लागू पडणारी गोष्ट गटांमधल्या फरकाबद्दल काहीच सांगत नाही, आणि व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच येतो.

मुले अजून त्याच शाळेत असतील, तर गाईडशी बोलून महिन्याभराने, आधी न सांगता, तीच चाचणी पुन्हा घेता येते का ते पाहा. मुख्याध्यापकांची परवानगी नव्याने घ्या. ही चाचणी झाली, तर तिचा निकाल मूळ परिकल्पनेत मिसळू नका, वेगळ्या उपशीर्षकाखाली द्या.