आर्थिक पाहणीतलं महागाईचं प्रकरण: वाचकांचे प्रश्न

'आर्थिक पाहणी २०२४-२५' मधल्या महागाईच्या प्रकरणाच्या नोट्स काढल्या, तर त्यांचीच बारा पानं झाली. गाळायचं काय?

आधी प्रकरणाचं म्हणणं एका वाक्यात लिहा आणि त्याला आधार न देणारा आकडा सोडून द्या. माझ्या वहीत या प्रकरणाचा सारांश एवढाच आहे: 'किरकोळ महागाई २०२३-२४ मध्ये ५.४ टक्के होती, एप्रिल-डिसेंबर २०२४ मध्ये सरासरी ४.९ टक्क्यांवर आली. अन्नधान्य, भाजीपाल्याची महागाई मात्र ७.५ वरून ८.४ टक्क्यांवर गेली. अन्न आणि इंधन वगळून मोजली जाणारी गाभा महागाई उतरली, म्हणून एकूण आकडा खाली आला. ताण मोजक्या पदार्थांचा आहे: भाज्या आणि डाळी वगळल्या, तर अन्नमहागाई ४.३ टक्केच राहते.' जगभरातल्या महागाईच्या परिच्छेदांना एक ओळ पुरे. मासिक आलेख उतरवत बसू नका.

भाज्या-डाळींचा भारांक ८.४२ टक्के, मग महागाईत वाटा ३२.३ टक्के कसा? छपाईची चूक आहे का?

चूक नाही, आणि या प्रकरणाचं मर्म नेमकं इथेच आहे. भारांक म्हणजे कुटुंबाच्या खर्चातला हिस्सा; पाहणीतल्या निर्देशांकात तो २०१२ हे आधारवर्ष धरून ठरलेला आहे. महागाईतला वाटा मात्र भारांक आणि भाववाढ या दोन्हींवर ठरतो.

घरखर्च १०० रुपये धरा. त्यातले ८ रुपये भाजी-डाळीचे. ती २५ टक्क्यांनी महागली, तर खर्च २ रुपयांनी वाढला. उरलेले ९२ रुपये ४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे साधारण ३ रुपये ७० पैसे. एकूण वाढ ५ रुपये ७० पैसे, त्यातले २ रुपये भाजी-डाळीचे: सुमारे ३५ टक्के. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण पाहणीतलं गणित याच चालीचं आहे. ४.९ चे ३२.३ टक्के काढा, साधारण १.६ येतात. म्हणजे ४.९ पैकी १.६ एवढा भाग एकट्या भाज्या-डाळींचा. मुख्य परीक्षेच्या उत्तरात ही एक ओळ लिहिलीत, तर तुम्ही प्रकरण समजून वाचलंय हे तपासणाऱ्याला लगेच दिसतं.

'५.४ वरून ४.९, म्हणजे महागाई अर्ध्या टक्क्याने घटली आणि वस्तू स्वस्त झाल्या' असं लिहिलं. सरांनी खोडलं. का?

सरांचं बरोबर आहे. पहिला आकडा पूर्ण वर्षाचा, दुसरा नऊ महिन्यांचा. तो कालावधी सारांशात लिहायलाच हवा. फरक ०.५ टक्केबिंदूंचा आहे. टक्केवारीत सांगायचं तर दर सुमारे ९ टक्क्यांनी घटला.

'स्वस्त झाल्या' ही चूक याहून मोठी. १०० रुपयांची वस्तू ५.४ टक्क्यांनी वाढून १०५ रुपये ४० पैसे झाली आणि त्यावर ४.९ टक्के वाढ झाली, तर ती ११० रुपये ५६ पैशांना पडते. वेग मंदावला, भाव चढतच राहिला.