सोनोग्राफीतल्या 'गाठी' आणि पीसीओएसचं निदान

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची आहे, पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली. आता दोन-दोन महिने येत नाही. सोनोग्राफीत पीसीओडी निघालं. गाठी काढाव्या लागतील का? (चोपडा)

नाही. काढायला तिथे गाठीच नाहीत. या एका शब्दाने जळगाव-धुळ्याकडच्या किती आयांची झोप उडवली आहे! पडद्यावर दिसतात ती २ ते ९ मिलिमीटरची बीजपुटकं. एरवी दर महिन्याला त्यातलं एक वाढतं, फुटतं आणि बीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये, म्हणजे ज्याला तुम्ही पीसीओडी म्हणता त्यात, ती अर्ध्यावर थांबतात.

थांबण्यामागे बहुतेकींच्या बाबतीत इन्सुलिनचा हात असतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं. त्या जोरावर साखर कित्येक वर्षं नॉर्मल येते, तेव्हा 'शुगर चांगली आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नका. अंडाशय मात्र या जादा इन्सुलिनला पुरेपूर दाद देतं आणि अँड्रोजन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, जास्त बनवतं. त्याला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिनही यकृतात कमी तयार होतं, त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. मग हनुवटीवर राठ केस येतात, जबड्याच्या कडेने मुरुमं उठतात. बीज सुटत नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि पाळी आली की अंगावरून खूप जातं.

तिची मान मागून बघा. काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा असेल तर ती इन्सुलिनची खूण आहे. आया तो मळ समजून घासत बसतात. घासून तो जात नाही.

आता निदान. पाळी सुरू होऊन ८ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवायचंच नसतं, कारण या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही अशी पुटकं भरपूर दिसतात. तुमच्या मुलीला ४ वर्षं झाली आहेत. तीन वर्षांनंतर ३५ दिवसांहून लांबणारी पाळी अनियमित धरतात, म्हणजे एक अट पूर्ण झाली. दुसरी अट अँड्रोजनची : राठ केस किंवा जास्त मुरुमं दिसली पाहिजेत, नाहीतर रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं असलं पाहिजे. दोन्ही जुळल्या तरी आधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि सकाळचं १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन तपासून दुसरी कारणं बाजूला काढावी लागतात. पाळीच्या हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टोस्टेरॉनचा आकडा फसवा येतो. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी होणारी तपासणी करून घ्या.

'लग्न झालं की आपोआप नीट होईल' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. लग्नाने इन्सुलिन बदलत नाही. भाकरी सोडायचीही गरज नाही. कळण्याची भाकरी खुशाल खाऊ द्या, दिवसाचे चार गोड चहा आणि फरसाण आधी कमी करा.

एक राहिलं : सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतं. आणि सलग ९० दिवस पाळी आली नाही तर वाट बघू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून अस्तर उतरवण्याच्या गोळ्यांचं विचारा.